अठरा युनिट्सची एक लॅब: गॅरंटीची कंपनी की शेअर्सची?

"रबाळे एमआयडीसीत आम्ही १८ छोटी युनिट्स आहोत. टेस्टिंगसाठी दर वेळी माल बाहेर पाठवावा लागतो, म्हणून सगळ्यांनी मिळून स्वतःची लॅब काढायची आहे. मशिनरी साधारण ९० लाखांची. आमचे सीए म्हणतात गॅरंटीची कंपनी काढा, जबाबदारी पाच-पाच हजारांपुरतीच राहील. दुसरे एक मित्र म्हणतात साधी प्रायव्हेट लिमिटेड करा. नक्की फरक काय, आणि आमच्यासाठी कुठली बरी?"

ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं ऑफिस आहे. कंपनी सेक्रेटरी म्हणून वीसेक वर्षं हीच कागदपत्रं करतोय, आणि वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतच्या अशा सामाईक खटाटोपांची दोन्ही प्रकारची प्रकरणं हातून गेली आहेत. म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या सीएंनी सांगितलेले पाच हजार खरे आहेत, पण निर्णय त्यावर करू नका. जबाबदारी मर्यादित असणं दोन्ही प्रकारांत आहे. फरक आहे तो पैसे कधी द्यायचे यात. शेअर्सच्या कंपनीत सभासद जे द्यायचं ते आधी देतो. तीन लाखांचे शेअर घेतले आणि तीन लाख भरून टाकले, की उद्या लॅब बुडाली तरी सभासद म्हणून त्याच्याकडे आणखी एक रुपया मागता येत नाही. शेअर अर्धवट भरलेले असतील, म्हणजे दहापैकी सहाच रुपये दिले असतील, तर उरलेले चार रुपये बाकी राहतात आणि ते मागायला कंपनी बुडायची वाट पाहावी लागत नाही. संचालक मंडळ चालू कंपनीतही 'कॉल' काढू शकतं.

गॅरंटीच्या कंपनीत याच्या उलट. आत्ता काही द्यायचं नाही. मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात, प्रत्येकाने लिहून द्यायचं की कंपनी गुंडाळायची वेळ आली आणि देणी भागत नसली, तर मी इतक्या रकमेपर्यंत भर घालीन. तुमच्या बाबतीत ५,००० गुणिले १८, म्हणजे सगळे मिळून ९०,००० रुपये. कंपनी चालू असताना या रकमेला कोणी हात लावू शकत नाही. सभासदाने राजीनामा दिला तरी पुढचं एक वर्ष, तो सभासद असताना झालेल्या देण्यांपुरती, ही हमी त्याच्या मागे राहते. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर पूर्ण भरलेल्या शेअर्सच्या मालकापेक्षा गॅरंटीवाल्याच्या डोक्यावर पाच हजार जास्तच उरतात! पण पाच हजारांसाठी कोणी रात्र जागवत नाही, म्हणून हा मुद्दा इथेच सोडू.

खरी गोष्ट अशी की गॅरंटीच्या कंपनीला भागभांडवलच नसतं. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात भागभांडवल असलेली गॅरंटी कंपनीही काढता येते, परिशिष्टात तिच्या मेमोरँडमचा वेगळा नमुना आहे, पण माझ्या टेबलावर ती आजवर आलेली नाही. तुमचे सीए जी म्हणताहेत ती बिनभांडवलाचीच असणार. मग ९० लाख येणार कुठून?

आकडे मांडून बघू. समजा ३६ लाख बँक देईल आणि ५४ लाख तुम्ही उभे करणार, म्हणजे माणशी तीन लाख. शेअर्सच्या कंपनीत हे सरळ आहे. दहा रुपयांचे तीस हजार शेअर प्रत्येकाच्या नावावर, भरणा झालेलं भांडवल ५४ लाख. ताळेबंदात ती रक्कम सभासदांची म्हणून दिसते, बँकेलाही तिचा अर्थ कळतो. गॅरंटीच्या कंपनीत तेच तीन लाख कुठल्या नावाने घ्यायचे? प्रवेश शुल्क म्हणून घ्यायचे, तर ते परत मिळणारे नाहीत. कर्ज म्हणून घ्यायचे, तर तिथे जो खड्डा आहे त्यात मी स्वतः एकदा पडलो आहे.

एका औद्योगिक वसाहतीतल्या चौदा जणांची गॅरंटीची प्रायव्हेट कंपनी मी केली होती. ट्रेनिंग सेंटरसाठी प्रत्येकाने दीड लाख 'सभासद कर्ज' म्हणून द्यायचं ठरलं, आणि ठरावाचा मसुदा मीच लिहिला. वर्षाअखेरीला ऑडिटरने फाइल माझ्यासमोर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "हे डिपॉझिट नाही का?" होतं. प्रायव्हेट कंपनी सभासदांकडून ठेव घेऊ शकते, पण साधारणपणे त्याची मर्यादा भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी, म्हणजे कंपनीत साठलेला नफा, यांच्या बेरजेइतकी. जिथे भांडवल शून्य आणि कंपनी नवी, तिथे मर्यादाही शून्य. चौदातल्या ज्यांचे स्वतःचे धंदे कंपनीच्या नावावर होते त्यांची रक्कम वाचली, कारण एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला दिलेला पैसा ठेवीत धरत नाहीत. संचालकांनी स्वतःच्या पैशातून दिलेलं, तसं लेखी घोषणापत्र घेऊन, वाचलं. उरलेले प्रोप्रायटर अडकले. त्यांना म्हटलं, रक्कम प्रवेश शुल्क समजा, तर तिघांनी साफ नकार दिला आणि त्यांचे पैसे परत करायला सेंटरचे दोन एसी आणि प्रोजेक्टर लांबणीवर टाकावे लागले. चूक माझी होती.

म्हणून तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये जबाबदारीचा विषय काढूच नका. सगळ्यांना एवढंच विचारा, "तीन लाख द्यायचे आहेत, ते कधीही परत मिळणार नाहीत, त्यावर डिव्हिडंड नाही, युनिट विकलंत तर त्याच्यासोबत ते विकता येणार नाहीत. कोण तयार आहे?" आणि हात मोजा. चौदा-पंधरा हात वर गेले तर गॅरंटीचा विचार करण्यात अर्थ आहे. पाच-सहाच गेले, तर बाकीच्यांच्या मनात ती गुंतवणूक आहे, आणि गुंतवणुकीचं घर शेअर्सच्या कंपनीतच.

आता तुम्ही म्हणाल, मग गॅरंटीची कंपनी काढतं तरी कोण? ज्यांना वाटून घ्यायचं काही नाही ते. व्यापाऱ्यांची संघटना, उद्योजकांचं असोसिएशन, क्रीडा संस्था, वाचनालय, प्रशिक्षण आणि संशोधनाच्या संस्था. यांचा पैसा वर्गणीतून, शुल्कातून, देणग्यांतून आणि अनुदानांतून येतो. सभासद सतत येतात-जातात आणि प्रत्येकाला एकच मत हवं असतं. इंटरनेटवर एका पौंडाच्या हमीबद्दल जे वाचायला मिळतं ते इंग्लंडचं आहे. तिकडे असंख्य धर्मादाय संस्था आणि क्लब या रूपात आहेत. आपल्याकडे त्या जागी बहुतेक वेळा सोसायटी किंवा ट्रस्ट असतो आणि कामकाज धर्मादाय आयुक्तांकडे चालतं. ज्यांना कंपनीच हवी असते ते कलम ८ चं लायसन्स घेऊन येतात. कलम ८ मध्ये नफा उद्देशासाठीच वापरायचा आणि सभासदांना लाभांश द्यायचा नाही, ही अट आहे. हे लायसन्स शेअर्सच्या कंपनीलाही मिळतं, त्यामुळे 'गॅरंटी म्हणजे कलम ८' असं समीकरण करू नका. पण माझ्याकडच्या गॅरंटी कंपन्या जवळपास सगळ्या कलम ८ च्याच आहेत, कारण वाटायचं काही नसलं की भांडवल ठेवून करायचं काय?

उद्योगवाढ, संशोधन, शिक्षण हे उद्देश कलम ८ मध्ये बसतात, त्यामुळे तुमची लॅब तत्त्वतः बसू शकते. लायसन्ससाठी आता वेगळी खेप घालावी लागत नाही, कंपनी नोंदणीच्या SPICe+ या ऑनलाइन फॉर्ममधूनच अर्ज जातो आणि मेमोरँडम INC-13 च्या नमुन्यात असतं. पण मेमोरँडममध्ये जे मान्य कराल ते पाळावं लागतं. लॅब पुढे बंद पडली आणि देणी फेडून मशीन उरलं, तर ते तुमच्यात वाटता येणार नाही. ते तशाच उद्देशाच्या दुसऱ्या कलम ८ कंपनीकडे जातं, किंवा विकून पैसे कायद्याने ठरवलेल्या निधीत जमा होतात. शेअर्सच्या साध्या कंपनीत तेच मशीन विकून प्रत्येकाला शेअर्सच्या प्रमाणात हिस्सा मिळाला असता.

एक छोटी सोय मात्र कलम ८ मध्येच आहे. तुमच्या १८ जणांत भागीदारी फर्म किती आहेत ते बघा. साध्या कंपनीत फर्मच्या नावाने सभासद होता येत नाही, कुणातरी भागीदाराच्या नावाने व्हावं लागतं. मग तो भागीदार फर्ममधून बाहेर पडला की शेअर कुणाचे, यावरून भांडण होतं. कलम ८ च्या कंपनीत फर्म स्वतः सभासद होऊ शकते.

इतकं ऐकून शेअर्सची कंपनी सोपी वाटली असेल, तर थांबा. तिचं दुखणं पैसे आत येताना नाही, माणूस बाहेर जाताना असतं.

बारा जणांनी मिळून हीट ट्रीटमेंटची भट्टी घेतली होती. सगळ्यांचे शेअर सारखे, आर्टिकल्स, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत कारभाराचे नियम, कायद्यातल्या नमुन्यावरून जशीच्या तशी उतरवलेली. तिसऱ्या वर्षी एकाने कारखाना भिवंडीकडे हलवला. त्याला भट्टीचा उपयोग उरला नाही, त्याने पैसे परत मागितले. मंडळ म्हणालं, गिऱ्हाईक आण. बाहेरचं गिऱ्हाईक त्याने आणलं तेव्हा मंडळाने हस्तांतर नाकारलं, कारण तो माणूस आमचाच प्रतिस्पर्धी होता. आणि अकरा जणांपैकी कुणी विकत घेईना, कारण किंमत किती यावरच एकमत नव्हतं. तो म्हणे भरले तेवढे द्या, बाकीचे म्हणत भट्टी जुनी झाली. कंपनीने स्वतः बायबॅक करायचं, तर त्याला मुक्त राखीव निधी लागतो आणि तो नव्हता. मग हा गृहस्थ दर सभेला येऊन विरोधात मत द्यायला लागला. एकट्याने काही अडत नव्हतं. पण पुढे आणखी तिघे नाराज झाले आणि त्याला मिळाले. बारापैकी चार विरोधात गेले की विशेष ठराव पडतो, कारण बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात आणि आठ काही चाराच्या तिप्पट होत नाहीत. नवी भट्टी घ्यायला आर्टिकल्स बदलून जादा भांडवल आणायचं होतं, ते दोन वर्षं रखडलं.

हे टाळता आलं असतं, आणि फक्त आर्टिकल्समध्ये. प्रायव्हेट कंपनीला शेअर्सच्या हस्तांतरावर बंधन घालायची मुभाच नव्हे, ती तिची व्याख्याच आहे. तुम्ही शेअर्सकडे गेलात तर तीन गोष्टी पहिल्या दिवशी लिहून घ्या. जाणाऱ्याने आधी आतल्यांनाच शेअर देऊ करायचे, आणि किती दिवसांत. किंमत कशी काढायची, उदाहरणार्थ शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातली पुस्तकी किंमत, वाद झाला तर नोंदणीकृत मूल्यांकनकर्ता. आणि सभासद वारला तर वारसांनी किती काळ शेअर ठेवायचे, लॅब वापरत नसतील तर काय. तिसरी गोष्ट लोक टाळतात, कारण समोर बसलेल्या माणसासमोर त्याच्या मरणाचा विषय कोण काढणार. मी काढतो. चहा आल्यावर, पण काढतो.

गॅरंटीच्या कंपनीत हा भाग हलका असतो. सभासद राजीनामा देतो आणि जातो. त्याच्या हिश्श्याची किंमत काढायचा प्रश्न येत नाही, कारण हिस्साच नाही. सभासदत्व हस्तांतर होईल का, वारसाला मिळेल का, हे आर्टिकल्समध्ये लिहाल तसं. आमच्याकडे सहसा 'नाही' लिहितो. एकोणिसावा माणूस आला तर तो प्रवेश शुल्क भरतो आणि एक मत घेतो. शेअर्समध्ये त्याच्यासाठी नवे शेअर काढावे लागतात, त्यांची किंमत ठरवावी लागते, आणि बाहेरच्याला देताना मूल्यांकनाचा अहवाल लागतो. गॅरंटीत फक्त एवढं लक्षात ठेवा की किती सभासदांसाठी नोंदणी होतेय तो आकडा आर्टिकल्समध्ये असतो. तो वाढवला की ३० दिवसांत SH-7 फॉर्म भरायचा. आत्ता १८ आहात म्हणून १८ लिहू नका, जरा हात सैल ठेवा. नोंदणीचं सरकारी शुल्क बिनभांडवलाच्या कंपनीला २० सभासदांपर्यंत आणि भांडवलवाल्या कंपनीला १५ लाखांच्या अधिकृत भांडवलापर्यंत माफ आहे, त्यापुढे लागतं. मुद्रांक शुल्क वेगळं. पण ९० लाखांच्या कामात या फरकावर कुणी कंपनीचा प्रकार ठरवू नये.

आता बँक. त्या ट्रेनिंग सेंटरवाल्यांनी पुढे कर्ज घेतलं तेव्हा मी सोबत गेलो होतो. अधिकाऱ्याने मंजुरीपत्र सरकवलं, त्यात सगळ्या संचालकांची वैयक्तिक हमी मागितली होती. आमचे सचिव, वय साठीच्या पुढचं, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "अहो, गॅरंटी दिलीय ना आम्ही! पाच-पाच हजारांची. कंपनीच गॅरंटीची आहे." अधिकारी माझ्याकडे बघायला लागला. त्या दोन गॅरंटींचा एकमेकींशी संबंध नाही. मेमोरँडममधली हमी सभासदाने कंपनीला दिलेली आणि कंपनी गुंडाळतानाच कामाला येणारी. बँकेची हमी संचालकाने बँकेला दिलेली, पूर्ण कर्जाची आणि व्याजासकट, हप्ता थकला की थेट त्याच्या घरापर्यंत जाणारी. तुमच्या ३६ लाखांच्या कर्जाला ज्यांनी अशी सही केली त्यांच्यासाठी 'जबाबदारी पाच हजारांपुरती' हे वाक्य संपलं. शेअर्सच्या कंपनीतही हेच होतं. फक्त तिथे ताळेबंदात ५४ लाखांचं भांडवल दिसत असल्याने बोलणी करायला जागा राहते. बिनभांडवलाच्या नव्या कंपनीकडे बघून बँक हमी मागणारच, आणि ती जास्त जणांची मागेल.

चुकलं तर बदलता येतं का, हे पुढे विचारालच, म्हणून आत्ताच सांगतो. साध्या गॅरंटी कंपनीला शेअर्सच्या कंपनीत बदलता येतं. विशेष ठराव करायचा, मेमोरँडममधलं हमीचं कलम काढायचं, हमीच्या रकमेइतकं भांडवल आणायचं आणि ठरावानंतर ३० दिवसांत INC-27 भरायचा. पण हा नियम कलम ८ च्या कंपन्यांना लागू नाही. त्यांना आधी लायसन्स सोडावं लागतं, त्यासाठी प्रादेशिक संचालकांकडे अर्ज, वर्तमानपत्रात नोटीस, आणि मंजुरी मिळाल्यावर देणी भागवून साठलेली शिल्लक सरकारी निधीत भरणं. म्हणजे पाच वर्षं साठवलेला पैसा घेऊन तिकडून इकडे येता येत नाही. कलम ८ मध्ये शिरताना दार परतीचं नाही, असं समजूनच शिरा.

तुमच्यासाठी कुठली? जेवढं लिहिलंत त्यावरून माझा कल शेअर्सच्या प्रायव्हेट लिमिटेडकडे आहे. पैसा तुमच्या खिशातून, रक्कम मोठी, मशीनला विक्रीची किंमत आहे आणि बाहेरच्यांचे नमुने तपासून लॅब कमावूही शकते. सगळ्यांना सारखे शेअर द्या, म्हणजे एक युनिट एक मत आपोआप होतं. दोन गोष्टींनी माझं मत बदलेल. एक, ५४ लाखांतला मोठा भाग अनुदान, सीएसआर किंवा देणगी म्हणून येणार असेल, तर कलम ८ ची गॅरंटी कंपनी. सीएसआर देणारी कंपनी कलम ८, ट्रस्ट किंवा सोसायटीकडेच बघते, शिवाय आयकराच्या नोंदण्या आणि सहसा तीन वर्षांच्या कामाचा दाखला मागते, त्यामुळे पहिल्याच वर्षी तो पैसा धरून चालू नका. सरकारी क्लस्टर योजनेतून मदत घ्यायची असेल तर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत संस्थेचं रूप आणि सभासदांचे हिस्से याबद्दल काय लिहिलंय ते नोंदणीच्या आधी वाचा. नंतर वाचलं तर दुसरी कंपनी काढावी लागते, असंही झालेलं आहे. दोन, मघाशी सांगितलेल्या प्रश्नाला खरोखरच जवळपास सगळ्यांनी हात वर केला तर.

आणि तुमचं वसाहतीचं असोसिएशन असेल, रस्ते, पाणी, फायर ऑडिट बघणारं, तर त्याला या लॅबमध्ये ओढू नका. तिकडे गॅरंटीचं किंवा सोसायटीचं रूप अगदी योग्य आहे. ज्याला लॅब नको त्यालाही रस्ता हवाच असतो.

सीएंकडे पुन्हा जाल तेव्हा दोन कागद घेऊन जा. १८ नावांची यादी, प्रत्येकासमोर प्रोप्रायटर, फर्म, एलएलपी की कंपनी हे लिहून. आणि बँकेचं तोंडी आश्वासन नव्हे, वैयक्तिक हमी कुणाकुणाची लागेल हे लिहिलेलं पत्र. त्यांनी पाच हजारांचा सल्ला दिला तेव्हा हे दोन्ही त्यांच्यासमोर नसावेत, असा माझा अंदाज आहे.